नव्वद रुपयांचं गिऱ्हाईक

फेसबुकवर लीड जितकी स्वस्त, तितका जाहिरातवाला हुशार, असं एक शास्त्र आहे. काही काळ मी त्या शास्त्रातला स्वयंघोषित पंडित होतो. वाघोलीत फ्लॅट विकणाऱ्या एका शेठना मी नव्वद रुपयांत लीड काढून देत होतो. आधीच्या एजन्सीची लीड साडेतीनशेला पडायची. शेठनी मला पहिल्या महिन्यात स्वतः उठून चहा ओतून दिला होता, त्यावरून माझी योग्यता समजावी.

नव्वद रुपयांमागची करामत सोपी होती. जाहिरातीवर बोट लागलं की फेसबुकच्या आतच एक फॉर्म उघडतो. त्यात नाव आणि मोबाइल नंबर प्रोफाइलमधून आधीच भरलेले असतात. गिऱ्हाइकाने फक्त 'पुढे' आणि 'पाठवा' म्हणायचं. या फॉर्मचे दोन प्रकार निवडता येतात. एकात फॉर्म पटकन जातो आणि संख्या वाढते. दुसऱ्यात पाठवण्याआधी सगळी माहिती पुन्हा दाखवून 'हेच ना नक्की?' असं विचारलं जातं. मी अर्थातच पहिला निवडला. विचारलं की माणूस विचार करतो, आणि विचार केला की लीड महाग होते.

त्यामुळे रात्री अकरा वाजता चुलतभावाच्या लग्नाचे फोटो बघताना ज्यांचा ज्यांचा अंगठा घसरला, ते सगळे आमचे 'इच्छुक ग्राहक' झाले. त्यातल्या काहींचे नंबर प्रोफाइल काढलं त्या काळातले, केव्हाच बंद पडलेले. महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मात्र जाहिरातीत ठसठशीत होते. तेवढं एक काम माझ्या हातून रीतसर झालं.

शेठ म्हणाले, "लीड चिकार आहेत राव, पण साइटवर कुत्रं येत नाही. जरा गाळून द्या."

मी गाळणी बसवली, म्हणजे फॉर्ममध्ये दोन प्रश्न घातले. पहिला, 'घर कुठे हवं?' पर्याय होते खराडी, विमाननगर आणि वाघोली. जाहिरातीत मीच 'खराडीपासून काही मिनिटांवर' असं लिहिलं होतं, त्यामुळे जवळपास सगळ्यांनी खराडी निवडलं. टेलिकॉलर मुलीने "प्रकल्प वाघोलीत आहे" म्हटलं की पलीकडून फोन कट. (काही मिनिटं खरीच होती, फक्त ती पहाटे चारची होती. नगर रोडवर संध्याकाळी सहाला मिनिटं मोजण्यात अर्थ नसतो.)

दुसरा प्रश्न, 'आपले बजेट?' इथे मी रकान्यात आकडा लिहायला मोकळीक दिली, आणि लोकांनी ती मोकळीक मनापासून घेतली. कोणी '५००००' लिहिलं, कोणी 'बघू'. एकाने '२२ लाख' लिहिलं. आमचा टू बीएचके ६८ लाखांपासून सुरू होत होता. टेलिकॉलरने त्याच्यापुढे 'बजेट नाही' असा शेरा मारला आणि विषय संपवला. मीही मान डोलावली. बावीस लाखांत वाघोलीत फ्लॅट मागतो म्हणजे काय!

पुढे कळलं की त्या गृहस्थाने आमच्या शेजारच्याच प्रकल्पात जवळपास आमच्याइतक्याच किमतीचा फ्लॅट घेतला. तेव्हा कुठे मी कागदावर हिशोब मांडला. ६८ लाखांच्या घराला बँक ऐंशी टक्के कर्ज देते, उरले १३ लाख ६० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून पाच टक्के जीएसटी, ३ लाख ४० हजार. मेट्रोच्या अधिभारासकट सात टक्के मुद्रांक शुल्क, ४ लाख ७६ हजार. नोंदणीचे तीस हजार. बेरीज केली, २२ लाख ६ हजार. त्या माणसाने आमच्या ऑफिसातल्या कोणीही केला नव्हता इतका चोख हिशोब करून, खिशातून किती घालायचे तेवढा आकडा लिहिला होता. घर घ्यायला निघालेल्या माणसाचं बजेट कधी हातातली रक्कम असते, कधी झेपणारा हप्ता, आणि कधी सगळे कर धरून येणारी एकूण किंमत. आम्ही यातलं नेमकं काय विचारतोय हे फॉर्ममध्ये लिहिलंच नव्हतं.

पण खरी गंमत यादीच्या प्रवासात होती. लीड येतात तिथून फाइल डाउनलोड करायचं काम माझं. ते मी सोमवारी करायचो, कारण शनिवार-रविवार मी सर्जनशील असतो. फाइल शेठच्या पुतण्याला व्हॉट्सअॅप करायची, त्याने ती प्रिंट काढून टेलिकॉलरला द्यायची. त्या फाइलमध्ये नंबराआधी `p:` अशी अक्षरं येतात. पुतण्याला ती खटकायची. तो एक्सेलमध्ये ती नेटकेपणाने पुसायचा. ती अक्षरं गेली की एक्सेलला बारा आकडी नंबर ही एक मोठी संख्या वाटते आणि तो ती आखडून दाखवतो. एका मंगळवारी टेलिकॉलरच्या हातात छापील यादी आली, त्यात तमाम ग्राहकांचा मोबाइल नंबर `9.2E+11` होता. तिने बिचारीने तो लावूनही बघितला.

म्हणजे शुक्रवारी रात्री फॉर्म भरणाऱ्याला आमचा फोन जायला बुधवार उजाडायचा. तोवर त्याला आपण काय भरलं ते आठवत नसे, किंवा मधल्या काळात एखादा ब्रोकर त्याला गाडीत घालून तीन साइट दाखवून आलेला असे. हे मला माझ्यामुळेच कळलं. तपासणीसाठी मी स्वतःचा नंबर आणि एक कोटीचं बजेट भरून एक लीड पाठवली होती. फोन आला तेव्हा मी शेठसमोर बसून 'आपला रिस्पॉन्स टाइम' या विषयावर बोलत होतो. फोन स्पीकरवर होता. "सर, तुम्ही मागच्या आठवड्यात इंटरेस्ट दाखवला होता…" शेजारच्या खोलीतून तोच आवाज भिंतीतूनही येत होता. त्या दिवशी चहा आला नाही.

मग मी सगळं उलटं केलं. जाहिरातीत वाघोली हे नाव मोठ्या अक्षरांत घातलं आणि किंमत करांसकट लिहिली. 'घर कुठे हवं' काढून 'नोकरी कुठे आहे' विचारलं. हिंजवडीचा माणूस वाघोलीत राहायला येत नाही, रांजणगाव एमआयडीसीचा आणि खराडीच्या आयटी पार्कचा येतो. बजेटऐवजी 'कर्ज सोडून स्वतःचे किती घालाल' असे टप्पे दिले. फॉर्म दुसऱ्या, विचारणाऱ्या प्रकारातला. आणि लीड आली की थेट टेलिकॉलरच्या मोबाइलवर संदेश. रात्रीच्या लीडना सकाळी नऊ वाजता पहिला फोन.

लीडची किंमत चारशेच्या वर गेली. संख्या कोसळली. साइटवर गाड्या दिसायला लागल्या, पण शेठ गाड्या मोजत नव्हते, लीड मोजत होते. नव्वद रुपयांची सवय मीच लावलेली. महिनाअखेरीस त्यांनी ऐंशी रुपयांत लीड काढून देणारी नवी एजन्सी नेमली.

परवा रात्री मोबाइलवर कोणाचे तरी बारशाचे फोटो बघत होतो, आणि अंगठा घसरला. फॉर्म गेलासुद्धा, 'हेच ना नक्की?' कोणी विचारलं नाही. सकाळी नऊच्या ठोक्याला फोन. तोच आवाज.

"सर, वाघोलीच्या प्रोजेक्टबद्दल. बजेट काय आहे आपलं?"

मी म्हटलं, "बावीस लाख."

"एकूण, सर, की कर्ज सोडून?"