वजनदार माणसं

टीप ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मते तो व्यवहार दोन सेकंदांत संपतो. बडीशेपेचा बकाणा भरायचा, ताटलीतल्या नोटा वरखाली करायच्या, त्यातली सगळ्यात मळकी वीसची मागे सोडायची आणि कर्णाच्या रुबाबात दरवाजा गाठायचा. त्या मळक्या नोटेचं पुढे काय होतं, हे त्याला ठाऊक नसतं. मला असतं. कारण माझ्या मेहुण्याचं ठाण्यात हॉटेल आहे आणि मी बँकेतून निवृत्त झालो आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस फुकटचा हिशेबनीस होतो. मेहनताना एवढाच, की दर सोमवारी वाटप झाल्यावर सुरमईची थाळी.

पूर्वी टिपेचा डबा उघडून माणशी सारखे पैसे वाटले जात. त्यात शनिवार-रविवारीच येणारा कॉलेजकुमार वेटर आणि आठवडाभर राबणारा सीनियर वेटर एकाच रकमेचे धनी होत. सीनियरने एकदा डबाच उचलून आपटला. मग मेहुणा म्हणाला, “भावजी, तुम्ही बँकेतले. काहीतरी नियम बसवा.”

नियम सोपा आहे. प्रत्येकाच्या कामाला एक वजन द्यायचं. आठवड्याचे तास गुणिले वजन, हे त्याचे पॉइंट. सगळ्यांच्या पॉइंटची बेरीज करायची, डब्यातल्या रकमेला त्या बेरजेने भागायचं, की एका पॉइंटचा भाव निघतो. मी वेटरला १ धरलं. कॅप्टनला दीड, कारण ऑर्डर तो घेतो, ‘आज पापलेट एकदम ताजं आहे’ असं रोज तोच सांगतो आणि रश्शात केस निघाला तर शिव्याही तोच खातो. वस्ताद आणि फडका मारणारा पोरगा यांना पाऊण-पाऊण. मोरीवर भांडी घासणाऱ्या मावशींना अर्धा.

पहिल्या आठवड्यात डब्यात ६,८०० रुपये निघाले. त्यात क्यूआर कोडवरून आलेली टीपही धरली होती. ती सरळ मेहुण्याच्या खात्यात पडते, म्हणून रोज रात्री तेवढी रोकड गल्ल्यातून काढून डब्यात टाकायची, असं मी त्याच्याकडून लिहून घेतलं आहे. पॉइंट भरले २७२, म्हणजे पॉइंटला २५ रुपये. ४८ तास भरलेल्या कॅप्टनला १,८०० मिळाले, तेवढेच तास भरलेल्या सीनियरला १,२००, मावशींना ६००, आणि १६ तासवाल्या कॉलेजकुमाराला ४००. बेरीज पैशाला पैसा जुळली. मला वाटलं, झालं.

तास मोजण्यावरून फारसं भांडण झालं नाही. आमच्याकडे ब्रेक शिफ्ट असते, ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते ११. मधले चार तास मंडळी बाकं जोडून त्यावर झोपतात. ते धरायचे नाहीत, हे घोरणाऱ्यांनाही मान्य होतं. भांडण लागलं ते वजनांवरून.

मावशी पदर खोचून आल्या. “भावजी, समदी मानसं पुरी आन् मी अर्धी व्हय? मी ताट न्हाई घासलं तर ह्यो क्याप्टन काय गिऱ्हाइकाच्या हातावर भात वाढनार हाय का?”

पैशांबद्दल त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांना तो ‘अर्धा’ लागला होता. इथे गणित मदतीला आलं. वजनांमध्ये एकमेकांशी असलेलं प्रमाण तेवढं खरं, आकड्याला स्वतःची किंमत नसते. मी सगळी वजनं चारने गुणली. कॅप्टन ६, वेटर ४, वस्ताद आणि पोरगा ३, मावशी २. पॉइंट चौपट झाले, पॉइंटचा भाव २५ वरून सव्वासहावर आला आणि मावशींच्या हातात पुन्हा ६०० च पडले. पण मावशी अर्ध्यावरून दोनवर गेल्या होत्या. त्या दिवशी भांड्यांचा आवाजसुद्धा खुशीत येत होता.

वस्ताद मात्र खुशीत नव्हता. “गिऱ्हाईक माझ्या रश्शासाठी येतं, कॅप्टनचं थोबाड बघायला नाही. मला चार करा.”

“गिऱ्हाईक टीप ताटलीत ठेवतं, कढईत नाही,” कॅप्टन म्हणाला.

दोघांचंही खरं होतं. मी म्हटलं, चार करून बघू. त्याच आठवड्याचा हिशेब पुन्हा मांडला. वस्तादाचे ९०० चे १,१४९ झाले. पण डबा तेवढाच होता, त्यामुळे वरचे २४९ बाकीच्यांच्या वाट्यातून आले. कॅप्टनचे ७६ गेले, मावशींचे २५. पगारवाढ मालकाच्या खिशातून येते, वजनवाढ शेजारी उभ्या असलेल्याच्या खिशातून. हे कळल्यावर मी मतदान घेतलं. बाजूने एक हात वर गेला. त्या हातात झारा होता.

मग कॉलेजकुमार उठला. हा कॉमर्सचा. म्हणाला, “सर, आठवड्याच्या डब्यात निम्म्याहून जास्त पैसे शनिवार-रविवारचे असतात. मी फक्त तेव्हाच असतो, आणि तुम्ही मला मंगळवारच्या मरगळलेल्या भावाने पैसे देता.”

मुद्दा बिनतोड होता. त्या आठवड्यात शनिवार-रविवारचे ४,१६० होते. ते वेगळे ठेवून त्याच दिवसांच्या पॉइंटमध्ये वाटले, तर भाव जुन्या मापाने ४० पडत होता आणि इतर दिवसांचा जेमतेम पावणेसोळा. कुमाराचे ४०० चे ६४० झाले, सीनियरचे १,२०० चे १,१४३. गंमत म्हणजे मंगळवारी एक दिवसाची जादा रजा टाकून गावी गेलेल्या दुसऱ्या वेटरचेही सतरा रुपये वाढले. गेला तो मंदीचा दिवस, कमाईचे दोन दिवस हजर. सीनियर म्हणाला, “मग मंगळवारी येऊन आम्ही काय पाप करतो?”

त्यावर तोड अशी निघाली की वाटप दोन डब्यांतून करायचं, पण शनिवार-रविवारची रजा मालकाला विचारल्याशिवाय नाही आणि मंगळवारची रजा पाळीपाळीने. गणित तिथे संपलं, मस्टर सुरू झालं.

दोन डब्यांच्या वाटपात रुपये पुरते करताना ६,७९९ भरले. एक रुपया उरला. त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. वस्ताद म्हणाला, तो माझा. शेवटी सुटे पैसे पुढच्या आठवड्याच्या डब्यात टाकायचे, असा ठराव झाला.

शेवटी मेहुण्याने हळूच विचारलं, “भावजी, मालकाचं वजन किती धरलंय?”

मेहुणा शंभर किलोंच्या पुढे आहे. मी म्हटलं, “शून्य.”

तो दुखावला. मी त्याला समजावलं, की टीप गिऱ्हाईक देतं, मालक नाही, म्हणून तो पगार नव्हे, असं आपल्या सुप्रीम कोर्टानेच २०१६ मध्ये म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये तर ऑक्टोबर २०२४ पासून सगळी टीप कामगारांनाच द्यायची, असा कायदा आहे. तो म्हणाला, “मग तिथे हिशेब करणाऱ्याचं वजन किती?” मी विषय बदलला.

आता वजनांचा कागद मोरीशेजारी डकवला आहे. बदल हवा असेल तर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सगळ्यांसमोर, आणि तो पुढच्या वाटपापासून. वस्तादाचं वजन तीनवरच राहिलं. माझ्या थाळीतल्या सुरमईचं मात्र त्या मतदानानंतरच्या सोमवारपासून घटलं आहे, आणि त्याला कसलंच सूत्र लागू होत नाही.