खजिनदार झालात? आता तक्ता मांडा

अभिनंदन. वार्षिक सभेत ‘खजिनदार कोण होणार?’ असा प्रश्न आला, सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि तुम्ही नेमकं वर पाहिलंत. आता पाच वर्षं सोसायटीची बिलं, नूतनीकरणं आणि सरकारी कागद तुमच्या गळ्यात आहेत. हा धडा खास तुमच्यासाठी आहे. आधीचं काही येत नसलं तरी चालेल. मावळत्या खजिनदारांनाही येत नव्हतं, असं त्यांच्याकडून आलेली पिशवी सांगतेच.

साहित्य

एक लॅपटॉप, गुगल शीट्स आणि ती पिशवी. पिशवी टेबलावर उपडी करा. लाइट बिलं, लिफ्टच्या देखभालीचा करार, इमारतीच्या विम्याची पॉलिसी, टीडीएसची चलनं आणि एक मिठाईच्या दुकानाचं बिल निघेल. मिठाईबद्दल विचारू नका, सभेत विषय वाढतो. बाकीच्या प्रत्येक कागदावर एकच गोष्ट शोधायची: हे काम पुन्हा कधी करायचं आहे?

पायरी पहिली: दोन पानं

एका पानाला ‘कामं’ असं नाव द्या आणि दुसऱ्याला ‘नोंद’. ‘कामं’ या पानावर सहा रकाने हवेत: A मध्ये काम, B मध्ये पहिली तारीख, C मध्ये दर किती महिन्यांनी, D मध्ये प्रकार, E मध्ये आधी किती दिवस, आणि F मध्ये पुढची तारीख. ‘नोंद’ या पानावर चार पुरे: काम, झाल्याची तारीख, रक्कम, पावती किंवा चलनाचा नंबर.

काम उरकलं की फक्त ‘नोंद’मध्ये एक ओळ वाढवायची. ‘कामं’ला हात लावायचा नाही. या तक्त्याचा हा एकच कायदा आहे. कमिटीतले उत्साही सदस्य तो पहिल्याच आठवड्यात मोडतील, म्हणून त्यांना फक्त बघण्याची परवानगी द्या.

पायरी दुसरी: तारखेची खातरजमा

`File` → `Settings` → `Locale` इथे जाऊन India निवडा. हे राहिलं आणि तिथे अमेरिका असली, तर तुमची 7/5 ही 7 मे न राहता 5 जुलै होते, आणि तीही मुकाट्याने. 31/5 लिहिलंत तर शीटला एकतिसावा महिना सापडत नाही, मग ती तारीख न राहता नुसता मजकूर होते. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे चिकटून बसतो. उलट 31 मे 2026 ऐवजी 46173 असा आकडा दिसला तर घाबरू नका. ती तारीखच आहे, फक्त तारखेचं फॉरमॅट द्यायचं राहिलंय.

पायरी तिसरी: पुढची तारीख

इथे बहुतेक नवशिके एक सरळ वाट धरतात. मागच्या तारखेत एक महिना मिळवला की पुढची तारीख, मग तिच्यात आणखी एक महिना. सफाई कामगारांचा पगार महिनाअखेरीला द्यायचा आहे असं धरा. 31 जानेवारी 2026 मध्ये एक महिना मिळवला की 28 फेब्रुवारी येते, तिथपर्यंत ठीक. पण 28 फेब्रुवारीत एक महिना मिळवला की 28 मार्च. तिथून पुढे पगार कायमचा दोन-तीन दिवस अलीकडे सरकला. सफाई कामगार याबद्दल तक्रार करणार नाहीत. तक्रार ऑडिटर करतील.

म्हणून मोजणी नेहमी पहिल्या तारखेपासून करायची, आणि काम किती वेळा झालं ते ‘नोंद’ला विचारायचं:

```
=EDATE(B2, C2*COUNTIF('नोंद'!A:A, A2))
```

पगाराची दोनदा नोंद झाली असेल तर 31 जानेवारीत दोन महिने मिळवले जातात आणि 31 मार्च येते. एप्रिलला आपोआप 30. फक्त B मध्ये 31 दिवसांच्या महिन्याची अखेर टाका. 30 नोव्हेंबर टाकलीत तर डिसेंबरलाही 30च येईल. आणि ‘पहिली तारीख’ म्हणजे सोसायटी नोंदवली ती तारीख नव्हे. तुमच्या हातून होणारी पहिली खेप, तिची तारीख.

पायरी चौथी: तारीख कुणाची?

वरचं सूत्र सगळ्या ओळींना लावून चहाला जाऊ नका. कामांच्या दोन जाती आहेत.

पहिली जात ठरीव तारखांची. मार्च सोडला तर कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा. तुम्ही 12 तारखेला भरलात म्हणून पुढच्या महिन्याची मुदत 12 होत नाही, फक्त व्याज लागतं. ऑडिट 31 जुलैपर्यंत, वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत, अग्निसुरक्षेचा फॉर्म ‘बी’ जानेवारी आणि जुलैत. तुम्ही कधी केलंत याच्याशी या तारखांना देणंघेणं नाही.

दुसरी जात ‘झाल्यापासून’ची. समजा पाण्याची टाकी दर तीन महिन्यांनी धुवायची असं कमिटीने ठरवलंय. 10 जानेवारीला धुतली, पुढची पाळी 10 एप्रिलला. पण एप्रिलभर पाणीकपात, मग धुणारा गावाला गेलेला, असं करत टाकी धुतली गेली 2 मेला. आता पुढची तारीख 2 ऑगस्ट. ठरीव सूत्र मात्र 10 जुलै दाखवेल. तीन आठवडे आधीच माणूस बोलावलात तर सेक्रेटरी विचारतील, “अहो, आत्ताच तर धुतली ना?” आणि या वेळी त्यांचं बरोबर असेल.

म्हणून D मध्ये ‘ठरीव’ किंवा ‘झाल्यापासून’ लिहा आणि F2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=IF(D2="झाल्यापासून",
 EDATE(MAXIFS('नोंद'!B:B,'नोंद'!A:A,A2),C2),
 EDATE(B2,C2*COUNTIF('नोंद'!A:A,A2)))
```

`MAXIFS` त्या कामाची शेवटची तारीख शोधून काढतं. नोंद एकही नसेल तर ते शून्यापासून मोजतं आणि टाकी थेट 1900 सालात धुवायला सांगतं. तसं दिसलं तर पिशवीत हात घालून मागच्या धुण्याची पावती काढा आणि तिची नोंद करा. पावती नसेल तर टाकीचं झाकण उघडून बघा, अंदाज येतो.

पायरी पाचवी: समान अंतर नसलेली कामं

टीडीएसची तिमाही विवरणपत्रं 31 जुलै, 31 ऑक्टोबर, 31 जानेवारी आणि 31 मे या तारखांना असतात. पहिल्या तिन्हींत तीन-तीन महिन्यांचं अंतर, शेवटच्यात चार. C मध्ये 3 लिहून मोकळे झालात तर चौथी तारीख 30 एप्रिल येईल आणि दरवर्षी तीच चूक होत राहील. सूत्र सजवायच्या फंदात पडू नका. चार ओळी करा, ‘टीडीएस विवरण तिमाही 1’ ते ‘4’, आणि प्रत्येकीला C मध्ये 12. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क लागतं, कराच्या रकमेइतकं होईपर्यंत. त्या मानाने चार ओळी स्वस्त.

मुदतवाढीचंही असंच. सरकार कधीकधी दया करतं: 2025 मध्ये आयकर विवरणपत्राची 31 जुलैची मुदत 15 सप्टेंबरवर नेली होती. अशा वेळी B मधली तारीख बदलायचा मोह होतो. बदललीत की पुढची सगळी वर्षंही सप्टेंबरात जातात. वाढीव मुदत बाजूला टीप म्हणून लिहा.

पायरी सहावी: शुद्धलेखन

‘कामं’मध्ये ‘लाइट बिल’ लिहिलंय आणि ‘नोंद’मध्ये सेक्रेटरींनी ‘लाईट बिल’ असं लिहिलं. माणसाला फरक पडत नाही. `COUNTIF`च्या लेखी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. बिल भरलेलं असूनही पुढची तारीख जागची हलत नाही, आणि कुणीतरी कर्तव्यदक्ष सदस्य ते पुन्हा भरतो. शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागाही एवढंच नुकसान करते. यावर उपाय म्हणजे कुणाला नाव टाइप करूच देऊ नये. ‘नोंद’चा A रकाना निवडून `Data` → `Data validation` मध्ये ‘कामं’च्या A रकान्यातली यादी जोडा. मग निवडायचं फक्त, लिहायचं नाही.

दुसरा नियम: एका खेपेला एक ओळ. लाइट बिल दोन हप्त्यांत भरलं म्हणून दोन ओळी केल्यात तर तक्ता समजेल की पुढच्या महिन्याचंही भरून झालं. आणि एखाद्या महिन्यात टीडीएस कापलाच नसेल, तरी रक्कम शून्य लिहून ओळ करा. नाहीतर तक्ता त्याच महिन्यावर अडून राहील.

पायरी सातवी: लाल रंग

प्रत्येक कामाला लागणारी तयारी वेगळी. लाइट बिलाला चार दिवस पुरतात. विम्याला महिना हवा, कारण तीन कोटेशनं मागवायची, आणि तिसरं कधीच वेळेवर येत नाही. तो आकडा E मध्ये लिहा. मग A2 ते F50 निवडून `Format` → `Conditional formatting` → `Custom formula is`:

```
=AND($A2<>"", $F2-TODAY()<=$E2)
```

रंग लाल. पण ही शीट तुम्हाला उठवायला येत नाही. उघडलीत तरच लाल दिसतं. म्हणून दर सोमवारी ती उघडण्याची आठवण मोबाइलमध्ये लावा. लाइट बिलाची मुदत दर महिन्याला थोडी हलते, तेव्हा तिथली तारीख ‘भरा’ अशी न वाचता ‘बिल आलं का बघा’ अशी वाचा.

शेवटची ओळ

A मध्ये लिहा ‘कमिटीची निवडणूक’. कमिटीची मुदत पाच वर्षं, म्हणून C मध्ये 60, D मध्ये ‘ठरीव’. राहिला E, म्हणजे किती दिवस आधीपासून ही ओळ लाल दिसावी. इथे खजिनदाराने आपल्या मनाला विचारावं. अनुभवी माणसं 1827 टाकतात.