आधी चार्वाकाची सही घ्या

सोलापुरात कॉलेजच्या मुलांचे तत्त्वज्ञानाचे निबंध तपासताना एक वाक्य हमखास भेटतं : ‘चार्वाक अनुमान नाकारतो, पण नाकारताना स्वतःच अनुमान वापरतो, म्हणून त्याचं मत खोटं.’ अनेक परीक्षक यावर खूश होऊन गुण देतात. मी देत नाही. चार्वाक अनुमान का नाकारतो, हेच त्या निबंधात नसतं.

माधवाचार्यांनी १४ व्या शतकात ‘सर्वदर्शनसंग्रहा’च्या पहिल्याच प्रकरणात ते मांडलं आहे, आणि तेही स्वतः वेदान्ती असून. आपल्याकडची हुरड्याची आगटी घेऊ. लांबून शेतात धूर दिसला की आपण म्हणतो, तिथे आगटी पेटली. त्यासाठी ‘जिथे धूर तिथे आग’ हा नियम, म्हणजे व्याप्ती, आधी ठाऊक हवी. चार्वाक विचारतो, ती कळली कशी? डोळ्यांनी म्हणाल, तर मागचे-पुढचे सगळे धूर कोणी पाहिलेत? अनुमानाने म्हणाल, तर त्याला दुसरी व्याप्ती लागेल, तिला तिसरी, आणि हे थांबणारच नाही. कुणी सांगितलं म्हणून म्हणाल, तर सांगितलेलं समजायलाही अनुमान लागतं. म्हणून अनुमानातून खात्रीचं ज्ञान मिळत नाही.

एवढं लिहिल्यावर त्या ठरावीक टीकेचं काय होतं पाहा. चार्वाक म्हणेल, ‘मी तुमच्याच नियमांनी चालून तुम्हाला कोंडीत पकडलं, ते नियम माझे नाहीत.’ टीका तिथेच लंगडी पडते.

म्हणून निबंध हातात आला की मी टीकेचा भाग झाकतो आणि फक्त पूर्वपक्ष वाचतो. चार्वाकाने त्याखाली सही केली असती का? मग उलट करतो : पूर्वपक्ष झाकून टीका वाचतो. तिला काहीच फरक पडत नसेल, तर ती न वाचता लिहिली आहे.

नैयायिक उदयनाचार्यांची टीका या कसोटीला उतरते. ते नेमक्या पायरीवर बोट ठेवतात. न पाहिलेल्या, उद्याच्या धुराबद्दल शंका घ्यायची, तर असा धूर असेल हे आधी मानावं लागतं, आणि ते मानणं अनुमानच आहे. शिवाय धूर हवा म्हणून जो स्वतः आग पेटवतो, त्याची शंका त्याच्याच कृतीशी भांडते.

उलटी चूकही होते. एका निबंधात चार्वाकाच्या तोंडी आजचं संभाव्यताशास्त्र घातलं होतं. तेही न्याय्य नव्हे. न सांगितलेली पायरी जोडायची असेल, तर ‘ही माझी भर’ असं लिहिलंच पाहिजे.

चार्वाकांचं मत आपल्यापर्यंत मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतूनच आलं आहे. सोलापूरच्या परीक्षकांना माझी विनंती आहे : निम्मे गुण पूर्वपक्षाला ठेवा, आणि तो नापास असेल तर टीकेचे गुण मोजूच नका.