दिवसभराचा राम राम

नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात अण्णा वरिष्ठ लिपिक होते. त्यांचं पाळण्यातलं नाव फक्त आस्थापना शाखेला आणि वेतनबिलाला माहीत. बाकी सगळ्यांसाठी ते 'राम राम अण्णा'. असे अण्णा प्रत्येक कार्यालयात आणि प्रत्येक कॉलनीत एक तरी असतातच. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळच्या पहिल्या भेटीत ते ज्या उमाळ्याने राम राम घालतात, त्याच उमाळ्याने दुपारच्या सातव्या भेटीतही घालतात, आणि तेवढ्याच उमाळ्याने तो परत यावा अशी त्यांची अपेक्षा असते.

कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला तेव्हा रोजची वेळ वाढली. बाकीच्यांनी जादा कामाचा हिशेब मांडला, अण्णांनी जादा भेटींचा. त्यात त्यांचं टेबल कॉरिडॉरच्या अगदी तोंडाशी. पिण्याचं पाणी, साहेबांची केबिन आणि बाहेर चहाच्या टपरीकडे जाणारी वाट, सगळं त्यांच्यासमोरूनच.

तिथे नव्याने रुजू झालेल्या एका कनिष्ठ लिपिकाचा एक दिवस बघा. पावणेदहाला मस्टरवर सही करताना अण्णांचा खणखणीत "राम राम साहेब!" पोराने हात जोडून "राम राम अण्णा" म्हटलं. इथवर ठीक. सव्वादहाला तो पाण्याची बाटली घेऊन निघाला, तर पुन्हा "राम राम! कुठं निघालाव?" हातात रिकामी बाटली, समोर पाण्याचा नळ, तरी सांगावं लागलं, "पाणी आणायलाव." परत येताना बाटली भरलेली. अण्णा म्हणाले, "आणलं का पाणी? बरं झालं. राम राम." अकराला साहेबांनी बोलावलं, साडेअकराला साहेबांनी हाकललं. दोन्ही वेळा राम राम. बाराच्या सुमाराला पोराने कपाळाला फाईल लावून तोंड लपवलं, तर अण्णांना वाटलं डोकं दुखतंय. मग राम रामच्या जोडीला गोळीही आली.

दुसऱ्या दिवशी पोराने फक्त मान हलवली. दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर विषय निघाला होता, "अण्णाचं अन् त्या पोराचं काही बिनसलं का?"

खरी गोम इथे आहे. आपल्याकडे गावात दोन भावकीतल्या माणसांचं बांधावरून वाजलं, तर आधी कोर्टात दावा पडत नाही, आधी राम राम बंद होतो. गावाला भांडणाची पहिली खबर तिथूनच लागते. त्यामुळे गळलेला एक राम राम अण्णांना विसरभोळेपणा वाटत नाही, दाव्याची नोटीस वाटते. दिवसातून दहादा राम राम घालून अण्णा दहादा खात्री करून घेतात, आपलं सगळ्यांशी अजून बरं आहे ना?

बाकीची दुनिया याबाबतीत काटकसरीने वागते. अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 'रिलेशन्स इन पब्लिक' या १९७१ च्या पुस्तकात हे टिपून ठेवलं आहे. तीच माणसं थोड्या थोड्या वेळाने समोरासमोर येत राहिली की अभिवादन आखडत जातं. आधी पूर्ण शब्द, मग हसू, मग नुसती नजर. कोणी शिकवत नाही, पण कार्यालयात आठवडाभर काढलेला माणूस हे पाळू लागतो. पहिल्या भेटीत "राम राम", दुसऱ्यात "काय मग?", तिसऱ्यात भुवई, चौथ्यात मोबाईल बघत पुढे.

अण्णांना हे आखडणं मान्य नाही, आणि त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. नांदेडात अभिवादन एका प्रकारचं नसतं. गुरुद्वाऱ्याकडून आलेल्या सरदारजींना "सत् श्री अकाल", कोणाला "जय भीम", कोणाला "सलाम आलेकुम", लिंगायत मास्तरांना "शरणार्थ", माळकऱ्याला "राम कृष्ण हरी" आणि माहूरकडच्या महानुभाव पाहुण्याला "दंडवत प्रणाम". अण्णा ज्याला जे चालतं ते त्याला अचूक देतात. यातली बहुतेक अभिवादनं अर्धी तोडता येत नाहीत. "काय मग"चा नुसता "मग" झाला तर कोणाचं काही जात नाही. पण पुढच्याने पूर्ण "जय भीम" म्हटल्यावर आपण तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, तर त्याला ते लागतं, आणि लागायलाच हवं. अण्णा म्हणतात, "मग एकाला पुरा अन् दुसऱ्याला अर्धा, असा भेद कशाला? सगळ्यांना पुराच द्यावा."

पुढे बढतीवर अण्णांची लातूरला बदली झाली. नांदेडच्या कार्यालयाने मनापासून निरोप दिला. काहींनी जरा जास्तच मनापासून.

लातूरला अण्णांना गंजगोलाई सापडली. मधे जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजारपेठ आणि तिथे येऊन मिळणारे सोळा रस्ते. संध्याकाळी पाय मोकळे करायला अण्णा गोलाईला फेऱ्या मारू लागले. सरळ रस्त्यावर माणूस एकदा मागे पडला की सुटतो. गोलाईत तो दर फेरीला पुन्हा समोर येतो. भांड्याच्या दुकानाला राम राम, कापडाच्या दुकानाला राम राम, आणि गिऱ्हाइकाला भाव सांगता सांगता हात वर करणारे दुकानदार. एक शेठ तर तूरडाळ तोलताना तीनदा हात जोडून बसले, आणि तिसऱ्यांदा तोलाचा आकडाच विसरले.

चौथ्या फेरीला शेठनी अण्णांना गल्ल्यापाशी बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "अण्णा, तुमचा राम राम मला मोलाचा हाय. पण मी ठोकचा माणूस. किरकोळ परवडत नाही. पहिल्या फेरीला दिवसभराचा एकदम देत जा."

अण्णांनी चहा संपवेपर्यंत विचार केला आणि विचारलं, "मग उद्याचा आजच देऊन ठेवू का?"

शेठ हसले, पण त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. एकाच जागेत दिवसभर वावरणाऱ्यांना सकाळचा एक पूर्ण राम राम पुरतो, पुढे नजरेत ओळख दिसली की झालं. नवा राम राम लागतो तो तीन वेळा. जेवणाच्या सुट्टीनंतर, कारण तो दुसरा डाव असतो. फाटकाबाहेर भेट झाली तर, कारण तिथे आपण लिपिक किंवा शेठ नसतो, शेजारी असतो. आणि त्याच्यासोबत पाहुणे किंवा घरचं माणूस असेल तर, कारण तेव्हा आपला राम राम त्या माणसाची त्यांच्यासमोरची पत राखतो.

एक अपवाद मात्र ठेवा. ज्याच्याशी कालच वाजलं असेल, त्याला आज प्रत्येक भेटीत पुरा राम राम घाला, अगदी अण्णांसारखा. तिथे किरकोळ भावच परवडतो.