नानांचा दाब

नानांचे मामा बोटीवर नोकरीला होते. निवृत्त होताना त्यांनी भाच्याला एक पितळी वायुभारमापक दिला. भाच्याने तो डोंबिवली पूर्वेच्या चौथ्या मजल्यावर कॅलेंडरशेजारी टांगला आणि वर्षानुवर्षं त्यावर धूळ साचू देण्यापलीकडे त्याला काही त्रास दिला नाही. यंदा नाना स्वतःच निवृत्त झाले. सकाळची लोकल पकडायची नाही, म्हणजे सकाळी करायचं काय, हा प्रश्न घरात उभा राहिला. काकूंनी भिंतीकडे बोट दाखवलं. "त्यात बघा काय ते. माझ्या स्वयंपाकघरात बघू नका."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून सोसायटीत फ्यूज उडण्यापासून ग्रहण लागण्यापर्यंतची सगळी प्रकरणं माझ्याकडे येतात. जुलैतल्या एका सकाळी नानांकडून तबकडीचा फोटो आला आणि खाली प्रश्न: "दाब पंच्याहत्तर झालाय. काळजीचं कारण आहे का?"

फोटोत दोन काटे होते, एक काळा आणि एक पितळी. पितळी काट्याचा हवेशी काहीही संबंध नसतो. काचेच्या मधोमध असलेली घुंडी फिरवून तो आपण काळ्या काट्यावर आणून ठेवायचा आणि पुढच्या वेळी काळा त्याच्यापासून किती सरकला ते पाहायचं, एवढंच त्याचं काम. नानांचा पितळी काटा १०१८ वर होता. मामांनी तो शेवटचा फिरवला तेव्हा बोट बहुधा एखाद्या थंड देशाच्या बंदरात उभी असावी. तेव्हापासून तो तिथेच आहे. काळा काटा मात्र खरा. त्याच्यामागे हवा काढून बंद केलेली पत्र्याची सुरकुतलेली डबी असते. बाहेरच्या हवेचा भार वाढला की ती चेपते, कमी झाला की फुगते, आणि तरफांनी ते केसाएवढं हलणं काट्यापर्यंत पोचतं. हे यंत्र ल्युसियाँ विदी या फ्रेंच माणसाने १८४४ मध्ये काढलं. त्याआधी दोनशे वर्षं लोक तोरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीकडे पाहत होते, आणि ती बोटीवर न्यायची म्हणजे नळीसकट पाराही डुचमळायचा.

आता पंच्याहत्तर कुठून आले? नानांच्या तबकडीवर दोन पट्ट्या आहेत. बाहेरची हेक्टोपास्कलची, ९६० ते १०६०. जुन्या तबकड्यांवर तिथे मिलिबार लिहिलेलं असतं, पण दोन्ही अगदी एकच. आतली पट्टी पाऱ्याची आणि तिच्यावर आकडे ७३, ७४, ७५ असे. हे सेंटिमीटर. दोन आकड्यांमध्ये दहा बारीक रेघा, प्रत्येक रेघ एक मिलिमीटर. म्हणजे ७५ वाचलं की मनात ७५० म्हणायचं आणि पुढच्या रेघा मोजायच्या. दोन छापील आकड्यांमध्ये किती रेघा आहेत हे आधी मोजल्याशिवाय कुठल्याही तबकडीचं वाचन सांगू नये. काही ठिकाणी एक रेघ एक हेक्टोपास्कलची असते, काही ठिकाणी दोनाची, आणि माणूस सवयीने एकाचीच धरतो.

मी फोटो मोठा करून पाहिला. बाहेरच्या पट्टीवर काटा १००१ वर दिसत होता. आतल्या पट्टीवर तोच काटा ७४८ आणि ७४९ च्या मधून जात होता. आणि इथेच हिशेब अडला.

हेक्टोपास्कलवरून पाऱ्याच्या मिलिमीटरवर यायचं तर आपल्या पिढीकडे तयार हत्यार आहे: पाऊणकी. लहानपणी ती पाठ करताना तिचा काही उपयोग होईल असं पाठ करवून घेणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. हजार हेक्टोपास्कल म्हणजे साडेसातशे मिलिमीटर. चारास तीन. उलट जायचं तर मिलिमीटरमध्ये त्यांचाच तिसरा हिस्सा मिळवायचा. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड, त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ ने गुणलं की एक मिलिमीटर पाऱ्याचा भार येतो १३३.३ पास्कल, म्हणजे १.३३३ हेक्टोपास्कल. हे बरोबर चार-तृतीयांशाच्या इतकं जवळ यावं हा निव्वळ योगायोग आहे. पाऱ्याने आपल्या पाढ्यांचा विचार केलेला नाही. समुद्रसपाटीचा प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल. त्याची पाऊणकी ७५९.९४, खरं उत्तर ७६०. सहा शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसायला नानांची तबकडी जिन्याएवढी मोठी लागेल.

तर १००१ ची पाऊणकी होते ७५०.७५. म्हणजे साधारण ७५१. आतला काटा सांगतोय साडेसातशेहून कमी. एकाच काट्याने एकाच क्षणी दोन वेगवेगळे दाब दाखवले, तर काटा खोटं बोलत नसतो, फोटो काढणारा वाकडा बसलेला असतो.

मी फोन लावला. "नाना, फोटो काढताना कुठे होतात?"

"सोफ्यावर."

"सोफा कुठल्या बाजूला?"

"तबकडीच्या उजवीकडे. समोरून काढला की ट्यूबलाइट चमकते हो काचेत."

काटा तबकडीला चिकटलेला नसतो, तीन-चार मिलिमीटर वर तरंगत असतो. उजवीकडून पाहिलं की तो मागच्या रेघांच्या तुलनेत डावीकडे सरकलेला दिसतो, आणि नानांच्या तबकडीवर काटा जवळजवळ उभा असल्याने डावीकडे म्हणजे कमी दाब. गंमत अशी की सरकणं दोन्ही पट्ट्यांवर सारखंच असतं, पण आतली पट्टी मध्याच्या जवळ, तिथल्या रेघा दाट, म्हणून तीच चूक तिथे जास्त दिसते. बाहेर तीन हेक्टोपास्कलची गेली असेल, तर निम्म्या अंतरावरच्या आतल्या पट्टीवर सहाची जाते. दोन पट्ट्या एकमेकींशी भांडल्या की फोटो तिरका, हे ओळखायला पाऊणकीखेरीज काही लागत नाही. नाना सोफ्यावरून तसेच बसून वरून किंवा खालून फोटो काढते, तर मात्र फसगत कमी झाली असती, कारण तेव्हा उभा काटा आपल्याच लांबीच्या दिशेने सरकला असता. भिंतीवरची घड्याळं पाहताना हा विचार कोणी करत नाही, म्हणून लोकल चुकतात असं माझं एक खाजगी मत आहे.

नानांना सांगितलं: ट्यूबलाइट बंद करा, काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा, म्हणजे तरफांत अडलेला काटा सुटेल, आणि तबकडीच्या मध्यासमोर फोन धरा. दुसरा फोटो आला. बाहेर १००४, आत ७५३. ७५३ चा तिसरा हिस्सा २५१, बेरीज १००४. असे आकडे परीक्षेतसुद्धा इतके सरळ येत नाहीत. जुलैतल्या मुंबईकडच्या हवेला शोभेलसा दाब होता. जानेवारीत हाच काटा दहाएक हेक्टोपास्कल वर असेल.

पण नानांचं समाधान झालं नाही. "काट्याच्या मागे 'चेंज' लिहिलंय. त्याच्या पुढे 'फेअर'. आणि इथे मानपाडा रोडवर गुडघाभर पाणी आहे!"

तबकडीवरची ती अक्षरं इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलेली आहेत. तिकडे वादळं आली-गेली की दाब वीस-तीस हेक्टोपास्कल सहज हलतो. आपल्याकडे अख्खा मोसमी पाऊस 'चेंज'च्या आसपास पडून जातो आणि काटा ढिम्म. तिकडच्या अर्थाने 'रेन' गाठायचा तर आपल्याला चक्रीवादळच लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब सुमारे ९८४ होता, पाऊणकीने ७३८. आपल्या रोजच्या पावसाचं भाकीत करायला हा काटा जवळजवळ निरुपयोगी आहे, हे मी नानांना सांगितलं नाही. नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला काही गोष्टी हप्त्याहप्त्याने सांगाव्यात.

पहिला हप्ता दोन दिवसांत द्यावाच लागला. नानांनी रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला फोटो काढायचं व्रत घेतलं आणि रोज चार वाजता ग्रुपवर लाल अक्षरांत सूचना टाकायला सुरुवात केली: दाब घसरला, कपडे आत घ्या. एका काकूंनी खरंच घेतले. उन्हं पडलेली होती. उष्ण प्रदेशात हवेला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास दाब जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. तो रोजचाच. आजची दुपार कालच्या दुपारशीच ताडून पाहायची, सकाळशी नाही. चारचा काटा आदल्या दिवशीच्या चारच्या काट्यापेक्षा बराच खाली गेला, तर मात्र माझ्याकडे या, आपण दोघं मिळून घाबरू.

मधल्या काळात नानांची मुलगी पुण्याहून आली आणि तबकडी पॉलिश करायला घेऊन गेली. घाट चढताना बॅगेतून बाहेर काढून तिने वडलांना फोटो पाठवला. खंडाळ्याला स्वच्छ ऊन आणि काटा 'स्टॉर्मी'च्या पलीकडे, आकड्यांच्या बाहेर. दर साडेआठ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल गेला, असा ढोबळ हिशेब. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे डोंबिवलीचे १००४ तिथे ९४० च्या घरात येतात, पाऱ्यात ७०५. नानांची पट्टी ९६० ला संपते. त्यामुळे पुण्यात ही तबकडी कायमची वादळात राहते. नाना म्हणाले, "जावयाला बरोबर ओळखलं तिने." मी विषय बदलला.

तबकडी परत आल्यावर पाऊणकी नानांच्या अंगात इतकी भिनली होती की ते जिथे मिलिमीटर पारा दिसेल तिथे तिसरा हिस्सा मिळवू लागले. डॉक्टरांकडे रक्तदाब मोजला, १२० आणि ८०. नानांनी घरी येऊन काकूंच्या वहीत शुद्ध हेक्टोपास्कलमध्ये लिहिला: १६० आणि १०७. खरं तर रक्तदाब हवेच्या दाबाच्या वरचा मोजतात, त्यामुळे त्या दिवशीचे १००४ मिळवायला हवे होते, आणि नाना ते मिळवणारच होते, पण तेवढ्यात काकूंनी वही पाहिली. त्या आकड्यांखाली एकक काय लिहिलंय हे कुठल्याही पत्नीने वाचलं नसतं. त्याच दुपारी घरातलं मीठ निम्म्यावर आलं, पापड बंद झाले आणि लोणच्याची बरणी स्वयंपाकघरातून माळ्यावर गेली.

नाना भेटले तेव्हा पडेल चेहऱ्याने म्हणाले, "माळा जमिनीपासून सात फूट आहे. मी हिशेब केला. तिथे दाब पाव हेक्टोपास्कल कमी असतो. लोणच्याला काही होणार नाही ना?"