‘बसू एकदा निवांत’वाले

रायपुरात चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे, 1935 सालापासूनचं. मराठी माणूस पाहायचा असेल तर तिथल्या कुठल्याही कार्यक्रमाला जावं. पण ‘बसू एकदा’वाला पाहायचा असेल तर कार्यक्रम संपेपर्यंत थांबावं लागतं. तोवर तो चारचौघांत मिसळलेला असतो. भाषण ऐकतो, टाळ्या वाजवतो, उपमा खातो. चपला शोधायची वेळ आली, की तो प्रकट होतो. एक पाय चपलेत, दुसरा बाहेर, हात तुमच्या खांद्यावर आणि चेहऱ्यावर जन्मोजन्मीचा जिव्हाळा. “अरे, काय हे! किती दिवसांनी! ते काही नाही, एकदा बसू या. असं उभ्या उभ्या नाही. निवांत!”

दुसरी चप्पल सापडते आणि गृहस्थ निघून जातो. पुढची भेट पुढच्या गणपतीत, त्याच चपलांपाशी.

हा मनुष्य खोटारडा नाही, हे आधीच सांगतो. त्या क्षणी त्याला खरंच बसायचं असतं. किंबहुना, त्याचं प्रेम दरवाजाच्या अंतरावर अवलंबून असतं. दरवाजा जितका जवळ तितका उमाळा मोठा. घोटाळा होतो तो ‘निवांत’पाशी. ‘बुधवारी’ म्हटलं असतं तर बुधवार आला असता. निवांत कधी यायचा? मार्चात वार्षिक हिशेब, एप्रिलपासून ऊन, जूनच्या मध्यावर पाऊस, मग गणपती, मग दिवाळीचे पाहुणे, मग लग्नसराई. रायपूरच्या पंचांगात निवांतपणाला मुहूर्तच नाही.

शिवाय या वाक्यात एक सोय आहे. बोलणाऱ्याला भेटल्याचं अर्धं समाधान तिथेच मिळतं आणि उरलेलं काम समोरच्याच्या अंगावर जातं. समोरचाही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो. तो म्हणतो, “नक्की! तू सांग फक्त.” आता दोघंही सांगण्याची वाट पाहत बसतात. दोघांनाही वाटतं, समोरचा कामात असेल, आपण कशाला त्रास द्या. अमेरिकेत पिट्सबर्गच्या विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. निघालं असं, की आपण आपणहून विचारपूस केली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज माणसं कमीच धरतात, आणि विचारपूस अनपेक्षित असेल तर आनंद आणखी मोठा असतो. चौबे कॉलोनीतल्या बायकांना हे कुणी प्रयोग करून दाखवायची गरज नव्हती.

कारण त्यांच्याकडे हळदीकुंकू आहे. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतली आमंत्रणं जरा ऐकून बघा. “शुक्रवारी, पाच ते सात, आमच्याकडे. वरच्या मजल्यावर हं, खाली नाही.” दिवस, सुरुवात, शेवट, ठिकाण आणि जिना, सगळं एका दमात. बाई येते, तिळगूळ घेते, वाण घेते, पंधरा मिनिटं बोलते आणि पुढच्या घरी जाते. एका संध्याकाळी चार घरं होतात. याच घरांतले पुरुष त्याच संध्याकाळी गॅलरीत उभं राहून एकमेकांना म्हणत असतात, “बसायला पाहिजे यार एकदा.”

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी ही हळदीकुंकवाची पद्धत पुरुषांच्या दोस्तीला लावली. त्यांना गल्लीत ‘पक्कं-वहिनी’ म्हणतात, कारण बोलणं संपवताना त्या “मग पक्कं?” असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत डोळ्याला डोळा भिडवून उभ्या राहतात. त्यांचे यजमान आपल्या व्यक्तिचित्राचे नायक, अव्वल दर्जाचे ‘बसू एकदा’वाले. यजमानांचा सायन्स कॉलेजातला एक जिवलग मित्र भिलाईच्या पोलाद कारखान्यात. रायपूर ते भिलाई रस्त्याने तासाभराचं अंतर. तरी दोघांची भेट मंडळाच्या गणपतीतच, आणि तीही चपलांपाशीच.

एका हिवाळ्यात वहिनींनी फोन हातात घेतला. आधी यजमानांनी लिहिलेला मजकूर वाचला. तो असा होता: “रविवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हला भेटू.”

बाहेरच्या वाचकांनी दचकू नये. रायपुरात समुद्र आलेला नाही; तेलीबांधा तलावाच्या काठाला इथे मरीन ड्राइव्ह म्हणतात. वहिनी म्हणाल्या, “कोणत्या रविवारी? संध्याकाळी म्हणजे चारला की आठला? आणि तलाव केवढा आहे! तुम्ही या टोकाला, ते त्या टोकाला, आणि मधे रायपूरभरची माणसं. फोनवर ‘दिसलास का, दिसलास का’ करत घरी याल.”

“मग काय लिहू?”

“तुम्ही काहीच लिहू नका.”

वहिनींनी पाठवलेला मजकूर मी पाहिला आहे, कारण यजमान तो अजून लोकांना दाखवत फिरतात. “भाऊजी, येत्या रविवारी, 12 तारखेला, सकाळी आठ वाजता अनुपम गार्डनच्या जी. ई. रोडकडच्या गेटपाशी याल का? ह्यांना तुम्हाला कॉलेजच्या सहलीचे फोटो दाखवायचेत, नावं आठवत नाहीयेत. बाकावर बसू, मी चहाचा थर्मास आणते. साडेनवाला आम्हाला निघायचं आहे. सकाळची पाळी असेल तर शनिवारी 18 ला संध्याकाळी पाच, तिथेच. दोन्ही जमत नसेल तर सरळ नाही म्हणा, राग नाही.”

यातला एकही शब्द उगाच नाही. दिवसाबरोबर तारीख आहे, कारण शुक्रवारी म्हटलेला ‘येता रविवार’ काहींच्या डोक्यात परवाचा असतो आणि काहींच्या डोक्यात पुढच्या आठवड्यातला. ‘तुम्ही कधी मोकळे?’ असं त्यांनी विचारलं नाही. हा प्रश्न दिसतो नम्र, पण त्यात समोरच्याला आपलं अख्खं वेळापत्रक उलगडून बसावं लागतं. तो ‘बघून सांगतो’ म्हणतो आणि बघत राहतो. एकच वेळ दिली तर हुकूम वाटतो. दोन दिल्या की निवड होते. पाच दिल्या की पुन्हा परीक्षा. कारखान्यात पाळ्या असतात, सकाळची सहा ते दोन, म्हणून दुसरी वेळ संध्याकाळची. म्हणजे समोरच्याच्या आयुष्याचा जरा विचार करून मगच वेळ निवडली होती.

घर का नाही? “घरी बोलावलं,” वहिनी म्हणाल्या, “की आधी पडदे धुवायचे, मग चिवडा करायचा, मग त्यांनी पेढे आणायचे, मग त्यांच्या बायकोने विचारायचं की मला का नाही बोलावलं. एका भेटीला चार माणसांचा रविवार. बाकाला पडदे नसतात.”

सगळ्यात हुशारी साडेनवाच्या वाक्यात आहे. भेट कधी संपणार हे माहीत नसलं की माणूस सुरू करायलाच घाबरतो; भिलाईहून निघायचं आणि दिवस गेला समजायचं. दीड तास म्हटलं की धीर येतो. बोलणं रंगलं तर साडेनवाचे साडेदहा करायला कुणाची हरकत नसते. उलट मात्र चालत नाही. चार तास ठरवून दीड तासात उठणं म्हणजे भांडण झालं, असा अर्थ निघतो.

उत्तर म्हणून भाऊजींचा नुसता अंगठा आला. यजमान खूश. वहिनी नाही. त्यांनी लिहिलं, “भाऊजी, हा अंगठा रविवारचा की शनिवारचा?” अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ असाही असतो, हे ज्यांना कळत नाही ते गेटपाशी एकटेच उभे असतात. “रविवार,” उत्तर आलं. “मग पक्कं.” शनिवारी रात्री एक ओळ: “उद्या आठ, जी. ई. रोडचं गेट. थंडी आहे, मफलर घ्या.” आठवण करून दिली, पण संशय घेतला नाही, ‘विसरणार नाही ना?’ असं लिहिलं असतं तर तेच मायेचं वाक्य पोलिसी झालं असतं.

मे महिन्यात वहिनी हीच भेट आठला ठेवणार नाहीत. तेव्हा साडेसहा, नाहीतर दिवे लागल्यावर. रायपूरच्या मेमधे दुपारी चारला गेटवर बोलावणं म्हणजे मित्र नको असल्याचं कळवणं. जुलैत छप्पर पाहून ठिकाण ठरतं.

वहिनींची नक्कल करायला निघालेले दोघे-तिघे माझ्या माहितीत आहेत. एकाने तीस जणांच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर मतदान घातलं. नऊ तारखा. अजून मतदानच चालू आहे. वहिनींचं म्हणणं, आधी दोघांचं पक्कं करायचं, मग बाकीच्यांना सांगायचं, ज्याला यायचं तो येतो. दुसरा त्याहून भयंकर. चपलांपाशी कुणी ‘बसू एकदा’ म्हणालं, की हा तिथेच कॅलेंडर उघडतो. लोक आता मंडळातून अनवाणी पळतात. त्याला कळलेलंच नाही, की बहुतेक ‘बसू एकदा’ हा नुसता निरोप असतो, त्याला तारीख लावायची नसते.

हे ओळखायचं कसं, ते मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “पुढे काही येतं का ते ऐकायचं. ‘बसू एकदा, तुला ते फोटो दाखवायचेत’ म्हणाला, तर त्याला खरंच बसायचंय. नुसतंच ‘निवांत’ म्हणाला, तर हसून नमस्कार करायचा.” आणि नकाराचं? “नाही म्हणून दुसरा दिवस सुचवला, तर माणूस अडलाय. ‘बघतो’ म्हणाला, तर एकदा अजून विचारायचं. पुन्हा ‘बघतो’ म्हणाला, की तिसऱ्यांदा विचारायचं नाही. गणपतीत दिसला तर तितक्याच प्रेमाने बोलायचं.”

रविवारी भाऊजी आठला पाच कमी असताना आले, फोटोंतली सगळी नावं त्यांना आठवली आणि निघाले तेव्हा अकरा वाजले होते. महिन्याभरात त्यांचाच मजकूर आला, बहुधा आयुष्यातला पहिला: “वहिनी, शनिवार 15, दुपारी तीन, भिलाईच्या मैत्रीबागेत, वाघाच्या पिंजऱ्यापाशी. साडेचारपर्यंत. नाही जमलं तर राग नाही.”

यजमानांनी अंगठा पाठवला. वहिनींनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, “भाऊजी, पांढऱ्या वाघापाशी की पिवळ्या?”