तांत्रिक कारणास्तव

पुरवठादार कायमचा घालवायचा असेल, तर ‘तांत्रिक कारणास्तव आपली निविदा अपात्र ठरली’ एवढेच कळवावे. उलाढालीच्या दाखल्यावर सनदी लेखापालाची सही नव्हती, हे चुकूनही सांगू नये. न जाणो, पुढच्या वेळी तो सही घेऊन येईल आणि खरीच स्पर्धा होईल! पत्राचा शेवट भरघोस शुभेच्छांनी करावा, बयाणा रक्कम मात्र दाबून ठेवावी. केंद्राचे 2017 चे वित्तीय नियम म्हणतात, विचारल्यास नाकारण्याचे कारण सांगा आणि कंत्राट दिल्यापासून 30 दिवसांच्या आत बयाणा परत करा. हे पाळले, तर नाकारलेलाही पुन्हा लिफाफा भरतो. नाही पाळले, तर पुढे एकच लिफाफा येतो आणि दर तोच ठरवतो.